घंगाळातली दिवाळी

कोकणात आणि गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीघरातलं पाण्याचं भांडं सजवायची रीत आहे. हंडा किंवा भाण लख्ख घासायचं, पाण्यानं भरायचं, त्याच्या गळ्याला फुलांची माळ नाहीतर कारिटाचा वेल बांधायचा आणि पहाटे त्याच पाण्यानं अभ्यंगस्नान करायचं. रोजचं भांडं त्या एका रात्री मखरात बसल्यासारखं दिसतं. दिवाळीत दारात काय मांडू, असं मला कुणी विचारलं की मी याच रीतीची आठवण देते आणि सांगते, आधी माळ्यावर चढा.

आमच्या माळ्यावर आजेसासूबाईंचं पितळी घंगाळ होतं. तोंड चौदा इंचांचं, दोन्ही बाजूंना कड्या, अंगभर मठाराच्या खुणा. मठार म्हणजे हातोडीचे एकाशेजारी एक पाडलेले ठोके. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या तांबटांचं हे काम कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही चालतं. ठोक्यानं पत्रा कडक होतो, भांडं टिकतं. पण दिव्याजवळ ठेवल्यावर कळतं की प्रत्येक ठोका हा एक छोटा आरसाही आहे. एका ज्योतीच्या शंभर ज्योती होतात. साच्यातून काढलेल्या गुळगुळीत पितळेला हे जमत नाही.

घासताना मी पहिल्या वर्षी चूक केली. काळं फार, म्हणून चिंचेचा कोळ आणि मीठ लावून रात्रभर ठेवलं. सकाळी पिवळ्या पितळेवर गुलाबी चट्टे! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट फार वेळ राहिलं की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. तेव्हापासून लिंबाएवढी चिंच भिजवून, चिमूटभर मीठ घालून पाच मिनिटंच चोळते, भरपूर पाण्यानं धुते आणि लगेच कोरडं करते. मीठ कडीच्या बेचक्यात राहिलं तर दोन दिवसांत तिथे हिरवट डाग उमटतो. जुनं भांडं असेल तर रात्रभर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवा. झाळलेला जोड झिरपत असेल तर कागदच सांगेल.

आता मांडणी. पाणी काठाच्या खाली दोन बोटं ठेवायचं, म्हणजे वाऱ्याला आडोसा मिळतो आणि ज्योत झाकलीही जात नाही. दिव्यांसाठी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या लहान वाट्या पुरतात. वाटीत तृतीयांश तूप आणि मधोमध फुलवात. वाटीचा तळ पाण्यात असल्यानं ती फारशी तापत नाही. नुसत्या वाट्या सोडल्या तर मात्र त्या सरकत सरकत एकमेकींना नाहीतर काठाला जाऊन चिकटतात. म्हणून आधी देठ खुडलेल्या झेंडूंचं कडं काठालगत दाटीनं लावायचं आणि मग मध्ये तीन वाट्या सोडायच्या. चौथीचा मोह टाळावा. ज्योती जवळ आल्या की तूप भराभर वितळतं आणि वाती कलंडतात. सुट्या पाकळ्याही वाटीजवळ नकोत, वरून सुकल्या की त्या पेट घेतात.

भांड्याला आतून कल्हई असेल तर पाण्याशिवाय त्यात दिवा ठेवू नका. कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंशांना वितळतं. फोडणी जळली की कल्हई जाते, तसंच इथेही होतं.

स्टीलचं काम वेगळं. माझ्या मते ते दिव्याखाली ठेवण्यापेक्षा दिव्यामागे जास्त शोभतं. जेवणाचं मोठं ताट भिंतीला टेकवून उभं करा आणि चार बोटं अंतरावर समई ठेवा. कोपरा उजळून निघतो. ज्योत ताटाला भिडली तर मात्र तिथे पिवळा-निळा डाग पडतो. पितळ उष्णता पसरवतं, स्टीलमध्ये ती एका जागी साठते, म्हणून हा डाग नेमका ज्योतीपुढेच उमटतो आणि साबणानं जात नाही. पुरणाची चाळणी पणतीवर पालथी घातली तर भिंतीवर ठिपक्यांची नक्षी उमटते, पण ज्योत भोकांपासून लांब राहील एवढी चाळणी खोल हवी. कडेखाली दोन चमचे आडवे सारून थोडी फट ठेवा. हवा खेळली नाही की ज्योत काजळी धरते.

झेंडूचं पाणी दुसऱ्या दिवशी वास मारू लागतं, म्हणून रात्री दिवे विझले की घंगाळ रिकामं करून, पुसून पालथं घालायचं. वाट्या गरम पाण्यानं धुऊन फळीवर जातात आणि सकाळी त्यांतच चिवडा वाढला जातो.

यंदा माळा आवरताना काळं पडलेलं भांडं हाती आलं तर मोडीत घालू नका. आधी एकदा घासून, पाणी भरून त्यात दिवा सोडून पाहा.