पूर्ण शोधनिबंधाऐवजी पोस्टर : अध्यक्षांना लिहायचे पत्र

परिषदेकडे पाठवलेला पूर्ण शोधनिबंध पोस्टर म्हणून स्वीकारावा, अशी विनंती कार्यक्रम समितीच्या अध्यक्षांना करता येते. मान्य करायची की नाही, हे परिषदेचे नियम आणि पोस्टरची मुदत यांवर ठरते. पत्राच्या पहिल्याच वाक्यात निबंधाचा क्रमांक, शीर्षक आणि विनंती असावी. सर्व सहलेखकांची संमती आहे, हेही लिहावे.

समजा, सोयाबीनच्या दोन वाणांची तुलना करणारा आठ पानी निबंध पाठवला आहे, पण दुसऱ्या हंगामाची आकडेवारी अजून हाती नाही. कारण एवढेच आणि असेच सांगावे. एका हंगामाच्या पावसावरून वाणाबद्दल ठाम निष्कर्ष निघत नाही, हे अध्यक्षांना लगेच पटते.

खरी कसोटी संक्षेपाची. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा दोन वाक्यांवर येईल, पद्धतीच्या जागी शेतातील वाफ्यांची आकृती येईल आणि पाच तक्त्यांऐवजी उत्पादनाचा एकच आलेख राहील, असे भागवार लिहावे. ‘निबंध लहान करू’ एवढ्यावर अध्यक्षांना काहीच ठरवता येत नाही. एका हंगामाची मर्यादा मात्र ८४१ × ११८९ मिलिमीटरच्या ए-शून्य पोस्टरवरही ठळक राहिली पाहिजे. परीक्षकांनी न पाहिलेला नवा निष्कर्ष या निमित्ताने घुसवणे गैरच.

शेवटी, पोस्टरचा सारांश कार्यवृत्तात छापला जाणार का, हे विचारावे. छापील सारांशामुळे काही नियतकालिके पुढचा पूर्ण निबंध पूर्वप्रकाशित मानतात.