कडीवर दोन दिवस, हातावर पाच मिनिटे

२०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावरची शाही स्नाने २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला झाली. पुढच्या सिंहस्थाची मुख्य स्नानेही २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातच येतात. महाराष्ट्रात फ्लूचा जोर वाढतो तोही याच सुमारास, भर पावसाळ्यात. म्हणजे पंचवटीच्या धर्मशाळा आणि भक्तनिवास ज्या आठवड्यांत तुडुंब भरतात, त्याच आठवड्यांत खोकणारी माणसेही सर्वाधिक असतात. एकाच कडीला, एकाच नळाला, एकाच जिन्याच्या कठड्याला दिवसभरात शेकडो हात लागतात. साहजिकच व्यवस्थापक फिनेलच्या बाटल्या मागवतात, प्रवासी सॅनिटायझर खिशात ठेवतात आणि घरी परतल्यावर पिशव्यांसकट सगळे पुसून काढतात. यातले काही खरोखर उपयोगी पडते, काहीने फक्त वास येतो.

सगळ्यात पसरलेला समज असा की फ्लूचा विषाणू कडीवर दोन दिवस राहतो, म्हणून दोन दिवस ती कडी धोक्याचीच. यातला पहिला भाग खरा आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत डॉ. बीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लूचा विषाणू वेगवेगळ्या पृष्ठभागांवर ठेवून तपासला. स्टील आणि प्लास्टिकसारख्या गुळगुळीत, कडक वस्तूंवर तो २४ ते ४८ तास तग धरून होता. कापड, कागद, टिश्यू यांवर मात्र ८ ते १२ तासांतच संपला. हा ४८ तासांचा आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतो आहे.

पण त्याच प्रयोगाचा उरलेला भाग क्वचितच कुणी सांगते. विषाणू वस्तूवर असणे वेगळे आणि तिथून हातावर येणे वेगळे. स्टीलवरून तो मोजता येईल इतक्या प्रमाणात हाताला लागत होता, तो २४ तासांपर्यंत. टिश्यूवरून मात्र जेमतेम १५ मिनिटे. आणि हातावर आल्यानंतर तो टिकला पाचच मिनिटे. म्हणजे कडीवरून आजार व्हायचा तर आधी कुणीतरी शिंकलेला किंवा नाक पुसलेला हात तिथे टेकायला हवा, पुरेसा विषाणू शिल्लक असताना दुसऱ्याचा हात लागायला हवा आणि तो हात पाच मिनिटांच्या आत डोळ्यांना, नाकाला किंवा तोंडाला जायला हवा. ही साखळी जुळत नाही असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे व्याख्यानाच्या वेळी चित्रीकरण केले, तेव्हा ते तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावताना दिसले. पण साखळीतला सगळ्यात सहज तुटणारा दुवा हातच आहे. कडी दिवसातून चार वेळा पुसली तरी पाचव्या वेळी शिंकलेला हात तिथे येतोच. जेवणाआधी हात धुतला तर कडीवर काय होते याने फारसा फरक पडत नाही.

घरातले एक दृश्य जवळून पाहण्यासारखे आहे. पोराचे नाक वाहते, आजी पदराने ते पुसते आणि लगेच त्याच हाताने धाकट्याला घास भरवते. कापडावर विषाणू फार टिकत नाही, हे खरे. पण इथे मुळी वेळच गेलेला नाही. ओला शेंबूड ताजा आहे, बोटाला लागला आहे आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात दुसऱ्या तोंडाजवळ जाणार आहे. धर्मशाळेच्या कडीपेक्षा हा क्षण कितीतरी जोखमीचा. नाक पुसायला वेगळा रुमाल किंवा कागद, आणि पुसल्यावर लगेच साबणाने हात: काळजी घ्यायची ती इथे.

शेंबडाचे महत्त्व नोटांच्या बाबतीतही दिसते. नोटांवर विषाणू सतरा दिवस राहतो, अशी भीती अनेकांना असते आणि दक्षिणेच्या नोटाही चिमटीत धरल्या जातात. ती माहिती जिनिव्हातल्या २००८ च्या एका अभ्यासातून आली. तिथल्या संशोधकांनी स्विस नोटांवर फ्लूचा विषाणू मोठ्या प्रमाणात टाकला. नुसता विषाणू जास्तीत जास्त तीन दिवस टिकला. श्वसनमार्गातल्या स्रावात मिसळून टाकल्यावर मात्र एका प्रकाराचा विषाणू सतरा दिवसांपर्यंत सापडला. हा प्रयोगशाळेतला टोकाचा आकडा आहे, रोजच्या गल्ल्यातल्या नोटेचा नव्हे. पण त्यातून कळते ते महत्त्वाचे: शेंबूड विषाणूचे रक्षण करतो. तो वाळू न देता, रसायन पोहोचू न देता त्याला झाकून ठेवतो.

सॅनिटायझरच्या मर्यादेचे कारण हेच. क्योतोमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये रुग्णांच्या कफात मिसळलेला फ्लूचा विषाणू बोटांवर लावला आणि त्यावर अल्कोहोल वापरून पाहिले. कफ ओला असताना दोन मिनिटांनंतरही विषाणू पुरता मेला नव्हता. त्याला चार मिनिटांच्या आसपास वेळ लागला. पूर्ण वाळलेल्या थरावर मात्र अर्ध्या मिनिटात काम झाले. आणि वाहत्या पाण्याखाली तीस सेकंद हात चोळून धुतले, तर ओला असो की वाळलेला, विषाणू निघून गेला. म्हणून शिंकून हात भिजला असेल तर सॅनिटायझरचे दोन थेंब पुरत नाहीत, नळ गाठावा. हाताला काही लागलेले दिसत नसेल, प्रवासात पाणी नसेल, तर सॅनिटायझर चांगलाच, मात्र हात ओले दिसतील एवढा घेऊन आपोआप वाळेपर्यंत चोळायचा.

आता सर्दी. सर्दी म्हणजे हलका फ्लू, हा समज फार जुना आहे आणि साफसफाईच्या बाबतीत तो दिशाभूल करतो. नेहमीच्या सर्दीमागे बहुधा ऱ्हायनोव्हायरस असतो आणि त्याची घडण वेगळी आहे. फ्लूच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबण आणि अल्कोहोल ते फोडतात आणि विषाणू निकामी होतो. ऱ्हायनोव्हायरसला असे आवरणच नाही. त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर तेवढा प्रभाव पडत नाही आणि हातावरही तो पाच मिनिटांऐवजी तासभर, कधी त्याहून जास्त टिकतो. साबणसुद्धा त्याला मारतो कमी आणि चोळण्याने, पाण्याने वाहून नेतो जास्त. सर्दीच्या दिवसांत हात घाईने ओले करणे आणि नीट चोळून धुणे यांतला फरक म्हणूनच मोठा.

मग सर्दी हातांनीच पसरते का? याचे सर्वांत रंजक उत्तर पत्त्यांच्या डावाने दिले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या प्रयोगात सर्दी झालेली आणि निरोगी माणसे एकाच खोलीत बारा तास पोकर खेळत बसवली. निरोगी खेळाडूंपैकी निम्म्यांच्या हाताला अशी बंधने घातली की चेहऱ्यापर्यंत हात जाऊच नये. तरीही दोन्ही गटांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना संसर्ग झाला, जवळपास सारख्याच प्रमाणात. मग उलट प्रयोग केला: सर्दीवाल्यांनी वापरून चिकट झालेले पत्ते आणि चकत्या दुसऱ्या खोलीतल्या बारा निरोगी माणसांना दिल्या आणि त्यांना मुद्दाम नाक-डोळ्यांना हात लावायला सांगितले. एकालाही संसर्ग झाला नाही.

याच्या नऊ वर्षे आधी व्हर्जिनियात मात्र सर्दी झालेल्यांचा हात निरोगी माणसांच्या हाताला लावून, तो नाक-डोळ्यांना लावल्यावर पंधरापैकी अकरा जणांना संसर्ग झाला होता. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर विरोध फारसा उरत नाही. ताज्या ओल्या हातातून ताज्या हातात सर्दी जाते. वस्तूवर काही काळ वाळत पडलेल्या विषाणूचा जोर कमी झालेला असतो. आणि बंद खोलीत तासन्‌तास एकत्र बसल्यास हवेतून जे मिळते, ते कुठल्याही फडक्याने पुसता येत नाही. भक्तनिवासाच्या एका खोलीत आठ माणसे झोपणार असतील आणि पाऊस येतो म्हणून खिडक्या लावल्या असतील, तर फरशी तीनदा पुसण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे उघड्या ठेवणे अधिक कामाचे.

तांब्या-पितळेबद्दलचा समज नाशिककरांना जवळचा. तांब्यावर जंतू राहत नाहीत, असे इथे घरोघरी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. इंग्लंडमधल्या २००७ च्या प्रयोगात स्टीलवर ठेवलेल्या वीस लाख फ्लूच्या विषाणूंपैकी २४ तासांनी पाच लाख शिल्लक होते; तांब्यावर सहा तासांनी सुमारे पाचशेच. फायदा आहे, पण त्याला काही तास लागतात. देवळातली घंटा मिनिटाला दहा हातांतून जाते, तिथे धातू एवढ्या वेगाने काम करू शकत नाही.

स्वच्छतेचे पदार्थ वापरताना चूक होते ती बहुधा क्रमात. मळ तसाच ठेवून वर जंतुनाशक फिरवले तर ते मळावरच खर्ची पडते. आधी साबणाच्या पाण्याने पुसायचे, मग गरज असेल तिथे जंतुनाशक. घरात फ्लूचा रुग्ण असेल तर त्याच्या खोलीची कडी, दिव्याची बटणे, नळाची चावी, मोबाइल आणि पलंगाशेजारचे टेबल दिवसातून एकदा पुसले तरी पुष्कळ. बाजारात मिळणारा द्रवरूप ब्लीच साधारण ५ टक्क्यांचा असतो. एक लिटर पाण्यात त्याचे २० मिलिलिटर, म्हणजे सुमारे चार चहाचे चमचे, घातले की ०.१ टक्क्याचे द्रावण होते. ते रोज नवे करायचे, कारण ठेवल्यावर ते कमजोर होते. फडक्याने लावून जागा निदान मिनिटभर ओली राहू द्यायची. लावले आणि लगेच पुसले, तर वास तेवढा उरतो. धातूवर नंतर साध्या पाण्याचे फडके फिरवायचे, नाहीतर तो गंजतो. बटणे आणि मोबाइल यांना ब्लीच नको. तिथे किंचित ओलसर अल्कोहोलचे फडके. संडासाच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

फरशीला फिनेल लावणे चालू ठेवावे, पण फ्लू त्याने टळेल ही अपेक्षा ठेवू नये. फरशीवरून नाकापर्यंत हात क्वचितच जातो. रुग्णाचे कपडे, ताट-वाटी वेगळ्या काढून उकळण्याचीही गरज नसते. नेहमीचा साबण आणि ऊन पुरते, फक्त न धुता ती वस्तू दुसऱ्याने वापरायची नाही. टॉवेल हा यातला सगळ्यात विसरला जाणारा. हात स्वच्छ धुवून ते सगळ्यांच्या ओल्या टॉवेलला पुसले, की धुण्याचा बराचसा उपयोग गेला.

फवारणीचा मोह २०२० मध्ये सगळ्या देशाला पडला होता. माणसांवर जंतुनाशक फवारण्याचे बोगदे उभे राहिले, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच एप्रिलमध्ये ते करू नका असे सांगितले. डोळे, त्वचा आणि श्वासनलिका यांना त्याचा त्रास होतो आणि शरीरात शिरलेल्या विषाणूला काहीच होत नाही. रस्त्यांवर आणि बाजारांत फवारा मारण्याविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२० मध्ये सल्ला दिला. धूळ आणि मळ रसायन निकामी करतात आणि फवारा पृष्ठभागाच्या प्रत्येक भागावर पुरेसा वेळ बसत नाही, हे त्यामागचे कारण.

फ्लूचा रुग्ण साधारणपणे लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाच ते सात दिवस विषाणू बाहेर टाकतो. लहान मुले त्याहून जास्त दिवस. जास्तीची पुसापुशी तेवढ्याच दिवसांत करायची. आजारी यात्रेकरू गेल्यावर खोली दोन दिवस रिकामी राहणार असेल, तर दारे-खिडक्या उघडून नेहमीची केरफरशी केली तरी चालते. त्याच दुपारी दुसरे कुटुंब उतरणार असेल, तर मात्र चादर आणि उशीचे अभ्रे बदलायचे, कडी, नळ आणि बादलीची कडी साबणाने पुसून वर ब्लीचचे फडके फिरवायचे, बटणांवर अल्कोहोलचे, आणि न्हाणीघरात साबणाची वडी ठेवायला विसरायचे नाही.