विद्यावेतन, करकपात आणि एका कागदाचा अर्थ

बंगळूरुमध्ये दरवर्षी जानेवारी ते जून या काळात अभियांत्रिकीच्या अखेरच्या सत्रातील हजारो मुले-मुली कंपन्यांमध्ये इंटर्न म्हणून काम करतात. त्यांत सांगली, कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडून आलेली मराठी मुले पुष्कळ असतात. कुणी ओळखीतून, कुणी ओळखीच्या ओळखीतून माझ्यापर्यंत येतात, आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘चाळीस हजार ठरले होते, खात्यात छत्तीसच आले. विद्यावेतनावर कर असतो का?’ प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर देताना आपल्या करव्यवस्थेतील एक विसंगती उघडी पडते, म्हणून त्याची सार्वजनिक चर्चा व्हायला हवी.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ‘स्टायपेंड’ किंवा ‘विद्यावेतन’ या शब्दाची व्याख्याच नाही. सूट आहे ती कलम १० (१६) मध्ये, आणि ती शिष्यवृत्तीला आहे; तीही ‘शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी’ दिलेल्या शिष्यवृत्तीला. या शब्दांचा अर्थ किती व्यापक घ्यायचा, हा प्रश्न आमच्याच शहरातील कर्नाटक उच्च न्यायालयापुढे आला होता. ए. रत्नाकर राव यांच्या प्रकरणातील, १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायालयाने उदार भूमिका घेतली. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शिकवणी शुल्क नव्हे, शिक्षण घेण्यासाठी ओघाने करावा लागणारा सर्व खर्च त्यात येतो, असे त्याचे सार आहे. पुढे चंडीगडच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका डॉक्टरला मिळणारे विद्यावेतनही या सुटीत बसवले, कारण ती रक्कम नोकरीचा मोबदला नसून शिक्षणाला आधार म्हणून दिलेली होती.

या निर्णयांचा आधार घेऊन ‘विद्यावेतन करमुक्तच असते’ असे अनेक विद्यार्थ्यांना सांगितले जाते. तो निष्कर्ष घाईचा आहे. कसोटी नावाची नाही, हेतूची आहे : रक्कम शिकता यावे म्हणून दिली, की काम केले म्हणून? कंपनीने मुलाखत घेऊन निवड केली, रोजचे तास ठरवले, उत्पादनाचे प्रत्यक्ष काम दिले, हजेरीनुसार पैसे दिले आणि महिना पूर्ण न भरल्यास कापले, तर ती रक्कम मोबदल्याकडे झुकते. पत्रावर ‘स्टायपेंड’ छापल्याने तिचे स्वरूप बदलत नाही. उलट एखाद्या संशोधन संस्थेने प्रकल्पाच्या काळात राहण्याखाण्यासाठी ठरावीक रक्कम दिली आणि त्या बदल्यात संस्थेला विकता येईल असे काम मागितले नाही, तर ती शिष्यवृत्ती ठरण्याची शक्यता अधिक. बंगळूरुतील बहुतेक कंपनी-इंटर्नशिप पहिल्या प्रकारात मोडतात.

परंतु रक्कम ‘करपात्र’ असणे आणि तिच्यावर कर ‘देय’ असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमका इथे गोंधळ होतो. तो समजावा म्हणून माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीचा हिशेब मांडतो.

मूळची बेळगावची ही मुलगी जानेवारी ते जून २०२५ या सहा महिन्यांत दरमहा ४०,००० रुपयांवर इंटर्न होती. कंपनीने तिला कर्मचारी मानले नाही. तिचे पैसे कलम १९४जे खाली, म्हणजे व्यावसायिक सेवेचे शुल्क म्हणून दिले. या कलमाखाली वार्षिक मर्यादा ओलांडली की १० टक्के कपात होते. ही मर्यादा २०२४-२५ मध्ये ३०,००० रुपये होती, १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली. सहा महिन्यांच्या दोन लाख चाळीस हजारांतून अशा रीतीने २४,००० रुपये कापले गेले. इंटर्नशिप एकच असली तरी ती दोन आर्थिक वर्षांत विभागली गेली : जानेवारी ते मार्चचे १,२०,००० रुपये २०२४-२५ चे, आणि एप्रिल ते जूनचे तेवढेच २०२५-२६ चे. म्हणून तिला दोन प्रमाणपत्रे मिळायला हवी होती आणि दोन विवरणपत्रे भरायला हवी होती.

हे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म १६ए. फॉर्म १६ पगाराचा असतो आणि वर्षातून एकदा मिळतो. १६ए पगाराव्यतिरिक्त रकमांचा असतो आणि दर तिमाहीला मिळतो. जानेवारी-मार्चचा १५ जूनपर्यंत आणि एप्रिल-जूनचा १५ ऑगस्टपर्यंत देणे कंपनीवर बंधनकारक आहे. तो अनुभवाचा दाखला नव्हे, कराची मागणीही नव्हे. कंपनीने तुमच्या नावे सरकारजमा केलेल्या पैशांची ती पावती आहे. पावती खरी आहे का, हे ओळखण्याची रीतही सोपी आहे. ती प्राप्तिकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून काढलेली असावी लागते, तिच्यावर स्वतंत्र प्रमाणपत्र क्रमांक असतो, आणि चलनाच्या रकान्यात जुळणीच्या स्थितीपुढे ‘F’ हे अक्षर असेल तर पैसे जमा होऊन नोंद जुळली असे समजावे. तरीही अखेरचा शब्द फॉर्म २६एएसचा. ई-फायलिंगच्या खात्यातून तो पाहावा. तिथे कपात दिसत नसेल तर हातातील कागद पुरेसा नाही.

कपात का दिसत नाही, याची कारणे बहुधा तीन : कंपनीकडे पॅन चुकीचा नोंदला गेला, पैसे भरले पण तिमाही विवरण दाखल झाले नाही, किंवा पैसे कापले आणि भरलेच नाहीत. पहिली दोन कारणे कंपनीने दुरुस्ती विवरण भरल्यावर सुटतात. तिसऱ्यात कायद्याचे संरक्षण अर्धवट आहे. कलम २०५ नुसार जो कर आधीच कापला गेला, तो खात्याने करदात्याकडून पुन्हा मागू नये. पण विद्यार्थ्याला मागणीपासून संरक्षण नको असते, त्याला परतावा हवा असतो. आणि नोंद नसलेल्या रकमेचा परतावा मिळवणे हे झगड्याचे काम होऊन बसते. म्हणून पहिल्या तिमाहीतच, कंपनीशी संबंध चालू असतानाच, २६एएस तपासणे शहाणपणाचे.

आता त्या मुलीच्या पहिल्या वर्षाकडे वळू. २०२४-२५ मध्ये तिचे एकूण उत्पन्न १,२०,००० रुपये. नव्या करप्रणालीत तीन लाखांपर्यंत कर नव्हता. म्हणजे विद्यावेतन शिष्यवृत्ती की मोबदला, हा वाद तिच्यासाठी निरर्थक होता; दोन्ही अर्थांनी कर शून्यच. कापलेले १२,००० रुपये तिचेच होते. पण विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते, आणि करमुक्त मर्यादेखालील उत्पन्नाला त्यासाठी विलंब शुल्कही लागत नाही. त्यानंतर मात्र विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. अद्ययावत विवरणाचा, म्हणजे ‘आयटीआर-यू’चा मार्ग परताव्यासाठी खुला नाही. उत्पन्न मर्यादेखाली असल्याने ‘आपल्याला विवरणपत्र लागत नाही’ असे समजून अनेक विद्यार्थी स्वतःचे पैसे सोडून देतात.

दुसऱ्या वर्षी चित्र उलटले. जुलै २०२५ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत दरमहा १,४०,००० रुपये पगारावर रुजू झाली. नऊ महिन्यांचे १२,६०,००० रुपये. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन उरले ११,८५,०००. या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून नव्या कंपनीने काहीच कापले नाही. पण एप्रिल ते जूनचे १,२०,००० रुपये मिळवले की करपात्र उत्पन्न १३,०५,००० होते. सवलत संपते, आणि चार लाखांपासूनचे टप्पे लागू होऊन कर ७५,७५० रुपये, उपकरासह ७८,७८० रुपये होतो. आधी कापलेले १२,००० वजा केले तरी ६६,७८० रुपये देणे उरते, शिवाय आगाऊ कर न भरल्याचे व्याज. सव्वा लाखाहूनही कमी विद्यावेतनाने अर्ध्याहून अधिक स्वतःलाच गिळले. नव्या कंपनीला आधीच्या उत्पन्नाची माहिती वेळीच लेखी दिली असती, तर हा कर दरमहा थोडाथोडा कापला गेला असता. ती रक्कम लपवण्याचा मार्गही नाही. वार्षिक माहिती विवरणात तिची नोंद आधीच असते.

‘शिष्यवृत्ती की मोबदला’ हा प्रश्न या दुसऱ्या वर्षी ७८,७८० रुपयांचा झाला. सुटीचा दावा करावा का, असे तिने विचारले. ठरलेले तास, प्रत्यक्ष काम आणि व्यावसायिक शुल्काखालील कपात पाहता तो टिकणार नाही, असे माझे मत मी तिला सांगितले. कपातीचे कलम उत्पन्नाचे स्वरूप ठरवत नाही हे खरे; पण तिच्या बाबतीत वस्तुस्थितीही त्याच बाजूची होती.

आता धोरणाचा मुद्दा. बँकेत ठेव असलेला आणि कर लागू नसलेला नागरिक स्वयंघोषणा देऊन व्याजावरील कपात थांबवू शकतो. कलम १९४जे खाली अशी स्वयंघोषणा चालत नाही. इंटर्नला कमी कपातीचे प्रमाणपत्र कलम १९७ खाली करनिर्धारण अधिकाऱ्याकडून आणावे लागते, आणि सहा महिन्यांच्या कामासाठी ते कुणी करत नाही. त्याच रकमेला कंपनीने पगार मानले असते, तर वर्षाचा अंदाज करमुक्त मर्यादेत बसल्याने एक रुपयाही कापला गेला नसता. म्हणजे काम तेच, विद्यार्थी तोच. कपात होते की नाही, हे कंपनीच्या लेखा विभागाच्या सोयीवर ठरते.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, शिष्यवृत्तीची सूट कायम राहिली. या लेखातील दोन्ही वर्षांना मात्र जुनाच कायदा लागू आहे. कायदा नव्याने लिहिला जात असताना विद्यावेतनाची व्याख्या करण्याची संधी होती. अजूनही केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला एका परिपत्रकाने दोन गोष्टी स्पष्ट करता येतील : विद्यावेतन शिष्यवृत्ती कधी मानावे, आणि मोबदला असेल तर कपात कोणत्या शीर्षाखाली करावी. मर्यादेखालील उत्पन्नाच्या विद्यार्थ्याला ठेवीदाराप्रमाणे स्वयंघोषणेचा हक्क द्यायचा, तर त्यासाठी संसदेत दुरुस्ती लागेल. ती कठीण नाही. व्याजावर जगणाऱ्याला जो विश्वास आपण दाखवतो, तो पहिल्यांदाच कमावणाऱ्याला नाकारण्याचे कारण मला तरी सापडलेले नाही.