विश्लेषण : तीन आकारांतून 'स्नेहसंमेलन' कसे उभे राहते? शाळेच्या फलकासाठी भौमितिक अक्षरांची रचना

डिसेंबर-जानेवारी म्हटले की शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. फलकावरचे मोठे शीर्षक बहुतेक वेळा संगणकातल्या तयार फाँटमधून येते, त्यामुळे शेजारच्या शाळांचे फलकही एकसारखेच दिसतात. घोटीव कागद, पट्टी, कंपास आणि कात्री एवढ्या साहित्यात सातवी-आठवीची मुले स्वतःची अक्षरशैली घडवू शकतात. चौकोन, पाव वर्तुळ आणि त्रिकोण या तीनच आकारांचे तुकडे जुळवून सगळी अक्षरे तयार करायची, अशी ही पद्धत आहे. रोमन लिपीत ती सोपी जाते. देवनागरीत मात्र एक तुकडा चुकला तरी अक्षर दुसरेच वाचले जाते.

ही पद्धत आली कुठून?

जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकवणारे जोसेफ आल्बर्स यांनी १९२६ ते १९३१ या काळात अशी एक अक्षरमाला तयार केली. चौरस, पाव वर्तुळ आणि वर्तुळ हे तीनच आकार जोडून त्यांनी रोमन अक्षरे उभी केली. ठरावीक आकारांचे मोजके तुकडे पुन्हा पुन्हा वापरून अक्षर बनवण्याच्या या रीतीला 'मॉड्युलर' अक्षररचना म्हणतात.

रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी राहतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात, त्यांच्या डोक्यावर मात्रा आणि अनुस्वार बसतात, आणि जोडाक्षरात एक अक्षर दुसऱ्यात शिरते. शिवाय देवनागरीचे वळण बोरूच्या तिरक्या कापातून आले आहे, म्हणून त्यात जाड-बारीक रेषा असतात. तुकड्यांच्या रचनेत सगळ्या रेषा एकाच जाडीच्या होतात. जाडीतून मिळणारी ओळख गेली की अक्षर ओळखू येण्याची सगळी भिस्त सांगाड्यावर राहते.

सुरुवात कुठून करायची?

आधी आलेख कागदावर चौकट आखावी लागते. 'स्नेहसंमेलन' या शब्दासाठी नऊ ओळींची चौकट पुरते. वरच्या तीन ओळी मात्रा व अनुस्वारासाठी, त्याखालची एक ओळ शिरोरेषेसाठी आणि उरलेल्या पाच ओळी अक्षराच्या अंगासाठी. शब्दात उकार किंवा रकार नसल्याने खाली वेगळी जागा ठेवावी लागत नाही. 'क्रीडा महोत्सव' लिहायचे असते तर 'क्री'च्या खालच्या फाट्यासाठी विचार करावा लागला असता.

रेषेची जाडी एक घर आणि अक्षराच्या आतली मोकळी जागाही किमान एक घर, हा नियम शेवटपर्यंत पाळायचा. आतली जागा त्याहून कमी झाली तर लांबून ती बुजते आणि अक्षराचा ठिपका होतो.

पहिले अक्षर कोणते घ्यावे?

'न' घ्यावा, कारण त्याच्यातून पुढची अक्षरे निघतात. 'न' चार घरे रुंद धरला तर चौथ्या स्तंभात पाच चौकोनांचा काना उभा राहतो. डावीकडची गाठ पहिल्या दोन स्तंभांत, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत बसते. चार पाव वर्तुळे जोडली की गोल गाठ तयार होते. मग गाठ आणि काना यांच्यामध्ये तिसऱ्या ओळीत एक चौकोन ठेवला की अक्षर पुरे झाले, असे वाटते.

पहिली चूक इथेच होते. गाठीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातले पाव वर्तुळ बाहेरून गोल असते. त्याच्या शेजारी चौकोन ठेवला तर दोघे फक्त एका टोकाला भेटतात आणि मध्ये पांढरी फट दिसते. आलेख कागदावर ती लक्षात येत नाही, पण फलकावर गाठ कान्यापासून तुटलेली दिसते. उपाय साधा आहे. जिथे रेषा पुढे जाणार आहे, त्या कोपऱ्यात पाव वर्तुळाऐवजी चौकोन ठेवायचा. म्हणजे शिरोरेषेखालच्या 'न'ला सात चौकोन आणि तीन पाव वर्तुळे लागतात. आकार गोल आहे की सरळ, हे त्या कडेला पुढे काही जोडायचे आहे का, यावर ठरते. सगळ्या अक्षरांना हाच नियम लागू पडतो.

याच 'न'च्या गाठीवर, दुसऱ्या स्तंभात पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत दोन चौकोन ठेवले की शिरोरेषेपासून गाठीपर्यंत दांडी उतरते आणि 'म' तयार होतो. दांडी आणि काना यांच्यामध्ये नेमकी एक घर मोकळी जागा उरते.

'स' आणि 'स्ने' कसे जमवायचे?

'म'ची बंद गाठ काढून तिथे तिरकी शेपटी दिली की 'स' होतो. त्रिकोणाची गरज इथे पहिल्यांदा लागते. चौथ्या ओळीत दोन त्रिकोण उलटसुलट जोडले की उजवीकडे उतरणारी रेषा मिळते आणि पाचव्या ओळीत एक चौकोन देऊन ती संपते. शेपटी कान्याला चिकटू नये म्हणून 'स' पाच घरे रुंद ठेवावा लागतो. चार घरांत बसवला तर शेपटी आणि काना एक होतात आणि लहान मुले ते अक्षर 'म' असे वाचतात.

जोडाक्षरात 'स'चा काना निघून जातो आणि त्याची आडवी रेषा थेट 'न'च्या गाठीला भिडते. पुन्हा तोच नियम. गाठीचा वरचा डावा कोपरा आतापर्यंत गोल होता, आता तिथे रेषा येऊन मिळते, म्हणून तिथेही चौकोन. म्हणजे 'स्ने'मधला 'न' शेवटच्या 'न'पेक्षा थोडा वेगळा आहे. एकच 'न' दोन्हीकडे उचलून ठेवला तर जोडाक्षर मधोमध तुटते आणि 'स' अर्धवट राहिल्यासारखा दिसतो.

मात्रा शिरोरेषेवर, कान्याच्या अगदी वरून सुटली पाहिजे. दोन ओळींत चार त्रिकोणांनी ती डावीकडे चढते आणि टोकाला एका पाव वर्तुळाने संपते. अनुस्वार म्हणजे चार पाव वर्तुळांचा पूर्ण गोल. शिरोरेषा आणि अनुस्वार यांच्यामध्ये एक ओळ मोकळी सोडावीच लागते, नाहीतर तो शिरोरेषेवरचा फुगवटा वाटतो.

'ल' आणि 'ह' अवघड का?

या दोन्ही अक्षरांना काना नाही, त्यामुळे 'न'चा साचा उपयोगी पडत नाही. 'ल'च्या बाबतीत आधी एक निवड करावी लागते. हिंदीतला 'ल' दंडयुक्त असतो, म्हणजे त्याला उजवीकडे काना असतो. तुकड्यांच्या रचनेत तो पटकन जमतो, म्हणून तो घेण्याचा मोह होतो. मराठीचा 'ल' मात्र देठयुक्त आहे. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णयही काढला. पहिलीतले मूल पाटीवर जो 'ल' गिरवते, तोच शाळेच्या फलकावर असायला हवा. पाच घरे रुंदीत मधल्या स्तंभात देठ आणि दोन्ही बाजूंना पाव वर्तुळाच्या खांद्यांच्या कमानी, अशी त्याची रचना होते.

'ह' हे या शब्दातले सर्वांत हट्टी अक्षर. छोटा देठ, फुगणारे पोट, आत वळणारी गाठ आणि बाहेर पडणारी शेपटी एवढे सगळे पाच ओळींत कोंबले तर तो 'ड' किंवा 'इ' वाटू लागतो. म्हणून शेपटीला एक ओळ खाली उतरू द्यावी. 'ह' आधी जाड पेनाने हाताने काढावा, हात कुठे वळतो ते पाहावे आणि मगच तुकडे मांडावेत.

फलकावर माप कसे बसवायचे?

ए-थ्री कागद उभा धरला तर २९७ मिलिमीटर रुंद आणि ४२० मिलिमीटर उंच असतो. अक्षरांच्या रुंदीत मधल्या मोकळ्या जागा मिळवल्या तर पूर्ण शब्द ३६ घरे रुंद होतो. एका ओळीत लिहायचा तर एक घर जेमतेम ७ मिलिमीटरचे मिळते. एवढी पाव वर्तुळे कापताना मुलांची बोटे दमतात आणि कडा दातेरी होतात.

'स्नेह' आणि 'संमेलन' अशी फोड करून दोन ओळी केल्या तर चित्र बदलते. 'स्नेह' १४ घरे आणि 'संमेलन' २१ घरे रुंद होते. आता एक घर १२ मिलिमीटरचे ठेवता येते. २१ घरांना २५२ मिलिमीटर लागतात आणि दोन्ही बाजूंना साडेबावीस मिलिमीटर समास उरतो. दोन्ही ओळी आणि त्यांच्यामधली एक मोकळी ओळ मिळून उंची २२८ मिलिमीटर होते. त्या मोकळ्या ओळीतच 'ह'ची शेपटी उतरते. उरलेल्या भागात तारीख, वेळ, स्थळ आणि चित्र बसते.

प्रत्येक घराचा वेगळा चौकोन कापायची गरज नाही. कान्यासाठी १२ बाय ६० मिलिमीटरच्या पट्ट्या पुरतात आणि शिरोरेषा प्रत्येक ओळीला सलग एकच पट्टी. पाव वर्तुळांसाठी १२ मिलिमीटर त्रिज्येचे गोल कापून, दोनदा घडी घालून चार भाग करावेत.

नियम कुठे मोडायचा?

सारख्या जाडीची आडवी रेषा डोळ्याला उभ्या रेषेपेक्षा जाड वाटते. देवनागरीत शिरोरेषा संपूर्ण शब्दावर पसरलेली असल्याने हे जास्तच जाणवते आणि अक्षरे तिच्या ओझ्याखाली दबल्यासारखी दिसतात. म्हणून ती पट्टी वरच्या कडेने कापून १२ऐवजी १० मिलिमीटर करावी. कान्याची जाडी तशीच ठेवावी. 'ल'च्या गोल खांद्यांमुळे त्याच्या दोन्ही बाजूंची जागा जास्त मोकळी दिसते. तिथे तुकडे चिकटवण्यापूर्वी अक्षर दोन-तीन मिलिमीटर आत सरकवून पाहावे.

फलक जमला हे कसे ओळखायचे?

तुकडे चिकटवण्याआधी नुसते मांडून दोन चाचण्या घ्याव्यात. पहिली चाचणी अंतराची. मांडणीचा मोबाइलवर फोटो काढून तो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करावा. फटी आणि बुजलेल्या जागा लगेच दिसतात. दुसरी चाचणी वाचकाची. शब्द माहीत नसलेल्या मुलाला एकेक अक्षर झाकून दाखवावे, बाकीचा शब्द दाखवू नये. पूर्ण शब्द माणूस अंदाजाने वाचतो, त्यामुळे 'ड'सारखा दिसणारा 'ह'ही खपून जातो. सुटे अक्षर दाखवले की अंदाज चालत नाही. मूल ज्या अक्षरापाशी अडेल, त्या अक्षराचे तुकडे पुन्हा मांडायचे.