विक्रेत्याची ई-मेल – भाग ६
इंजिनिअरला साखळीत घेताना

मागच्या भागात दर कळवण्याची मेल पाहिली. आता त्यापुढचा प्रसंग. समजा, तुम्ही नागपूरहून तांदळाचे सॉर्टेक्स मशीन विकता आणि आमगावकडच्या एका राईस मिलवाल्याशी पाच-सहा मेल झाल्या आहेत. सहाव्या मेलमध्ये ते विचारतात, “अरवा ठीक आहे, पण उसना चालवला तर डागी दाणा नीट निघेल का? कॉम्प्रेसर केवढा लागेल?”

हे मशीन कॅमेऱ्याने दाणा पाहते आणि नको तो हवेच्या झोताने उडवते. उसना तांदूळ मुळातच पिवळसर असल्याने चांगल्या आणि डागी दाण्यातला फरक कमी दिसतो. सेटिंग नमुना पाहूनच ठरते. म्हणून इथे अंदाजाने उत्तर देऊ नका, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा.

पण आधी त्यांना फोन करा. प्रश्न काय आहे, दर काय सांगितला आहे आणि कोणते वचन देऊन बसला आहात, हे त्यांना माहीत हवे. मग खालची जुनी साखळी शेवटपर्यंत वाचा. सूट किती देता येईल यावर ऑफिसात झालेली चर्चा तिथे राहिली असेल, तर तीच साखळी ग्राहकाकडे जाईल.

त्यानंतर त्याच साखळीत `Reply All` करा, इंजिनिअरचा पत्ता `To` मध्ये घाला, विषय बदलू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की साखळी तुटते. मजकूर एवढा पुरे:

“नमस्कार शेठजी. उसन्याबद्दलचा आपला प्रश्न आमच्या सर्व्हिस इंजिनिअरनी पाहावा म्हणून त्यांना या मेलमध्ये घेतले आहे. सर, शेठजींची मिल ताशी चार टनांची आहे, सध्या अरवा चालतो, पुढे उसना करायचा आहे. सेटिंग आणि कॉम्प्रेसरबद्दल आपण गुरुवारपर्यंत कळवाल. दर आणि डिलिव्हरीचे मी पाहतो.”

शेवटचे वाक्य गाळू नका. ते नसले की ग्राहक दर इंजिनिअरला विचारतो, इंजिनिअर सहज काहीतरी बोलून जातो, आणि एकाच मशीनचे दोन दर कागदावर येतात.

एक चूक हमखास होते. `Reply All` केल्यावर आधीच्या मेलमधले फोटो आणि फाइली नव्या माणसाकडे जात नाहीत, मजकूर तेवढा जातो. मिलवाल्याने तांदळाचे फोटो पाठवले असतील तर ते पुन्हा जोडा. नाहीतर इंजिनिअरची पहिलीच मेल “फोटो पाठवा” अशी येते, आणि ज्यांनी ते आठवडाभरापूर्वी पाठवले, त्या शेठजींना कळून चुकते की आपली मेल कुणी वाचलीच नाही.

मालकांना साखळीत आणण्याची वेळ वेगळी असते. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.