एका बाटलीत तीन औषधे

घराघरांतल्या फडताळात, देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात किंवा हल्ली फ्रिजच्या दारात एक तपकिरी बाटली हमखास असते. लेबलाचा कोपरा चिकट झालेला असतो आणि मापाचे झाकण केव्हाच हरवलेले असते. घरातल्या लहानग्याला शिंका आल्या, नाक वाहू लागले की ती बाटली खाली उतरते आणि आजीच्या किंवा आजोबांच्या हातून एक चमचा पोटात जातो. ‘सर्दीचे औषध’ एवढीच त्या बाटलीची घरातली ओळख असते.

या ओळखीतच घोटाळा आहे. ते एक औषध नसते. बाटली उजेडात धरून लेबलावरची बारीक अक्षरे वाचली, तर त्यात बहुधा तीन नावे सापडतात : पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. काही बाटल्यांत खोकला दाबणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते. मुद्दल, व्याज आणि खर्च अशा वेगळ्या रकमा एकाच आकड्यात लिहून आणल्या, तर बँकेतला साधा कारकूनसुद्धा ते व्हाउचर परत पाठवतो. मुलाच्या पोटात जाणाऱ्या औषधाबाबत मात्र आपण एकत्र बेरजेवर विश्वास ठेवतो. म्हणून ती बेरीज आज सोडवून पाहू.

पहिले नाव पॅरासिटामॉल. ते ताप उतरवते, अंगदुखी कमी करते. सर्दी किंवा खोकल्यावर त्याचा काही उपयोग नाही. तीन नावांत बालरोगतज्ज्ञ लहान मुलांना निर्धास्तपणे देतात ते हेच. पण ते सुटे देतात, वजन पाहून देतात आणि ताप असेल तेव्हाच देतात.

दुसरे फेनिलएफ्रिन. रक्तवाहिन्या आकसवून चोंदलेले नाक मोकळे करावे, ही त्याच्याकडून अपेक्षा. परंतु पोटातून घेतलेल्या फेनिलएफ्रिनचा बराचसा भाग आतडे आणि यकृत यांतच निकामी होतो. नाकापर्यंत पोहोचणारा अंश नगण्य असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने निर्वाळा दिला की, पोटातून घेतलेल्या फेनिलएफ्रिनने चोंदलेले नाक मोकळे होत नाही. मोठ्या माणसांच्याच नाकाला ज्याचा उपयोग दिसत नाही, ते तान्ह्याला देऊन काय साधणार? उलट, मात्रा वाढली तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढण्याचा धोका मागे राहतोच.

तिसरे क्लोरफेनिरामिन. हे ॲलर्जीवरचे जुने औषध आहे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, ॲलर्जीमुळे नव्हे. त्यामुळे इथे त्याचे मूळ कामच उरत नाही. उरतो तो त्याचा दुसरा गुण : गुंगी. मूल शांत झोपते आणि घरच्यांना वाटते, औषध लागू पडले. प्रत्यक्षात सर्दी होती तिथेच असते, मूल मात्र सुस्तावलेले असते. त्यातच नाकाघशातला ओलावा सुकून शेंबूड आणि कफ घट्ट होतो व बाहेर पडायला अधिक कठीण जातो. काही मुलांवर उलटा परिणाम होतो. ती झोपण्याऐवजी चिडतात, रात्रभर तळमळतात. मात्रा फार झाली तर श्वास मंदावू शकतो, झटकेही येऊ शकतात.

डेक्स्ट्रोमेथॉर्फनचीही तीच गत. लहान मुलांच्या खोकल्यावर ते साध्या साखरपाण्याहून सरस ठरल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही. शिवाय खोकला हा घरात शिरलेला चोर नाही, तो राखणदार आहे. लहान मुलाला कफ थुंकता येत नाही. श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचे काम खोकलाच करतो. त्याला गप्प बसवण्यात शहाणपण नाही.

आता या बेरजेतला सर्वांत फसवा भाग पाहू. दोन वर्षांचे, दहा किलो वजनाचे एक मूल कल्पनेत घ्या. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम. संध्याकाळी आजीने सर्दीच्या बाटलीतले पाच मिलिलिटर दिले. त्यात १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. इथवर हिशेब बरोबर आहे. तासाभराने आई कामावरून आली, अंग कढत लागले. तिने मोठ्या भावासाठी आणलेल्या तापाच्या बाटलीतले पाच मिलिलिटर दिले. ती बाटली ‘२५०’ची होती, म्हणजे आणखी २५० मिलिग्रॅम. तासाभरात ३७५ मिलिग्रॅम पोटात गेले, वरच्या मर्यादेच्या अडीचपट. आपण काही वावगे केले, असे दोघींनाही वाटले नाही. एकीने सर्दीचे औषध दिले, दुसरीने तापाचे. हेच दिवसातून चारदा, दोन-तीन दिवस घडत राहिले तर यकृताला इजा होऊ शकते. आणि यकृताची इजा सुरुवातीला दिसते कशी? उलट्या, मलूलपणा, खाण्यावरची वासना उडणे अशी. घरचे समजतात, सर्दीच बळावली. आणि आणखी एक चमचा देतात.

ही भीती कागदावरची नाही. अमेरिकेत २००४ आणि २००५ या दोन वर्षांत दोन वर्षांखालील सुमारे दीड हजार मुलांना अशा औषधांच्या दुष्परिणामांसाठी तातडीच्या उपचार विभागात न्यावे लागले होते. ऑक्टोबर २००७ मध्ये तिथल्या कंपन्यांनी तान्ह्यांसाठीची ही औषधे बाजारातून स्वतःहून काढून घेतली आणि पुढच्याच वर्षी ‘चार वर्षांखाली देऊ नये’ असे लेबलांवर छापायला सुरुवात केली. ब्रिटनने २००९ मध्ये ही मर्यादा सहा वर्षे केली. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये व तसे बाटलीवर छापावे, असे सर्व राज्यांना कळवले.

त्यानंतर आला २०२५ चा ऑक्टोबर. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात सर्दी-तापाने आजारी असलेल्या मुलांना कोल्ड्रिफ नावाचे सिरप देण्यात आल्याचे उघड झाले. उलट्या झाल्या, लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. जवळचे मोठे शहर म्हणून अनेक मुलांना आपल्या नागपूरला आणले गेले. वीसहून अधिक बालके दगावली. तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातील कारखान्यात ते सिरप बनले होते. त्या राज्याच्या प्रयोगशाळेला त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आढळले. औद्योगिक वापराचे हे रसायन मूत्रपिंडाला विष आहे. ते चवीला गोड असते. वासावरून, रंगावरून घरी काही म्हणता काही कळत नाही.

भेसळीचा गुन्हा वेगळा आणि त्याचा जाब त्यांना द्यावाच लागेल. पण त्या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली. कोल्ड्रिफमधली औषधे कोणती होती? पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. म्हणजे भेसळीचा एक थेंब नसता, बाटली अगदी शुद्ध असती, तरीही चार वर्षांखालच्या मुलाच्या ओठांना ती लागण्याचे कारण नव्हते. त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले : दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत व विकू नयेत, पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत, त्यापुढे द्यायचीच तर डॉक्टरांनी नीट तपासून, कमीत कमी दिवस आणि अनेक औषधांची मिश्रणे टाळून.

मग करायचे काय? मूल रात्री नाक चोंदून रडत असताना ‘काही देऊ नका’ एवढे सांगून भागत नाही.

तान्ह्याचे खरे दुःख नाकात असते. त्याला तोंडाने श्वास घेण्याची सवय नसते. नाक बंद झाले की दूधही ओढता येत नाही. औषधाच्या दुकानात सलाइनचे, म्हणजे साध्या मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात. बाटलीवर ‘सोडियम क्लोराइड’ एवढेच नाव आहे ना, हे पाहून घ्यावे. नाक मोकळे करणारे दुसरे औषध त्यात नको. बाळाला उताणे निजवून प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब सोडावेत, मिनिटभर थांबावे आणि सैल झालेला शेंबूड मऊ कापडाने टिपावा. रबरी फुग्याची पिचकारी वापरायची तर फुगा आधी बाहेरच दाबावा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी ठेवून हळूच सोडावा. हे दूध पाजण्यापूर्वी आणि झोपवण्यापूर्वी करावे. अंगावरचे दूध थोडे थोडे, पण अधिक वेळा पाजावे.

वर्ष पुरे झालेल्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध द्यावा. रात्रीचा खोकला त्याने काहीसा सौम्य होतो, असे चाचण्यांत दिसले आहे. मात्र वर्षाच्या आत मधाचे बोटसुद्धा नको. घुटीत नाही, चाटणात नाही. मधातल्या काही जिवाणूंची बीजे तान्ह्याच्या आतड्यात रुजून अंग लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. मोठ्या मुलांना कोमट पाणी, वरणाचे पाणी, सूप चालते.

ताप असून मूल बेचैन असेल तर सुटे पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेल्या मात्रेत द्यावे. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर मात्र घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडेच न्यावे. मात्रा मोजायची ती मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मापाने. घरातले दोन चमचे कधी सारखे नसतात. कुणी, किती वाजता, किती दिले हे कॅलेंडरवर लिहून ठेवले, तर वर सांगितलेली चूक होणारच नाही.

आपल्या काही जुन्या उपायांनाही निरोप द्यायला हवा. नाकात तेल सोडले की ते फुप्फुसात उतरू शकते. कापूर पोटात गेला तर झटके येतात. ओव्याची धुरी आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला त्रास देते आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्याजवळ वाफ घेताना मुले भाजतात.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते. खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. एवढी वाट पाहता येते. पण काही खुणा दिसल्या की वाट पाहू नये. मूल शांत असताना त्याच्या पोटावरचे कपडे वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर तो न्यूमोनियाचा इशारा समजावा. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, ओठ निळसर होणे, दूध-पाणी न घेणे, उठवूनही नीट जागे न होणे, लघवी फारच कमी होणे, यांपैकी एकही खूण दिसली तर त्याच पावली रुग्णालय गाठावे. घरात कोणतेही सिरप दिले असेल, तर ती बाटली बरोबर न्यावी.

आज दुपारी फडताळातली बाटली खाली काढून लेबल वाचा. दोन-तीन नावे असतील आणि घरात पाच वर्षांखालचे मूल असेल, तर ती पुन्हा वर ठेवू नका.