कोटेशनची मुदत संपताना

गृहनिर्माण सोसायटीत जिन्याचं आणि मीटररूमचं जुनं वायरिंग बदलायचं ठरलं की कमिटी दोन-तीन इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरांकडून कोटेशन मागवते. प्रत्येक कोटेशनच्या तळाशी ‘हे दर 30 दिवसांसाठी ग्राह्य’ अशी एक ओळ असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. महिना सरत आला की कॉन्ट्रॅक्टरला प्रश्न पडतो. आठवण करून दिली तर मागे लागल्यासारखं दिसेल, नाही दिली तर मुदत टळल्यावर वाढीव दर सांगायची वेळ येईल. यातून नीट वाट निघते. त्यासाठी मुदत मुळात का घातली आहे, हे आधी स्वतःला ठाऊक असायला हवं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कॉन्ट्रॅक्टरने 3 जूनला एका सोसायटीला 6,40,000 रुपयांचं कोटेशन दिलं, जीएसटी वेगळा. त्यात तांब्याच्या केबलचे 3,10,000, पॅनेल आणि स्विचगिअरचे 1,10,000, मजुरीचे 1,60,000 आणि पाइप, क्लॅम्प वगैरे किरकोळ सामानाचे 60,000. तांब्याचा भाव जागतिक बाजारात रोज बदलतो, त्यामुळे केबल कंपन्या आपली दरपत्रकं मधूनमधून सुधारतात. म्हणून डीलरनेही कॉन्ट्रॅक्टरला केबलचा भाव 2 जुलैपर्यंतच बांधून दिला आहे. म्हणजे या कोटेशनमधली मुदत खरी आहे, पण ती केबलपुरती आहे. मजुरी दोन-तीन महिने तरी हलणार नाही. समजा, केबल 6 टक्क्यांनी महागली, तर फरक पडेल 18,600 रुपयांचा. ‘मुदतीनंतर सगळे दर बदलतील’ असं म्हणणं आणि ‘केबलचा दर त्या दिवशीच्या भावाने लागेल, बाकी तेच राहील’ असं म्हणणं, यात मोठं अंतर आहे. पहिल्या वाक्याने माणूस घाबरतो. दुसरं वाक्य ऐकून तो हिशेब करू शकतो.

आता सोसायटीच्या बाजूने पाहू. सेक्रेटरी एकटे होकार देऊ शकत नाहीत. मोठा खर्च सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो आणि महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार विशेष सभेची सूचना सभासदांना पूर्ण पाच दिवस आधी द्यावी लागते. त्याआधी कमिटीची बैठक व्हायला हवी. म्हणून 1 जुलैला ‘उद्या मुदत संपतेय’ असा मेसेज पाठवण्यात काही अर्थ नाही. त्या एका दिवसात त्यांना काहीच करता येत नाही. तो मेसेज कितीही नम्र असला तरी त्याचा परिणाम दडपणाचाच होतो. हीच आठवण 20 जूनला दिली तर 23 तारखेला सूचना निघू शकते, 29 तारखेला सभा होऊ शकते आणि शेवटी हाताशी थोडे दिवसही उरतात. आठवणीची तारीख ठरवताना मुदतीपासून उलटं मोजायचं ते असं: ग्राहकाला निर्णयासाठी जेवढे दिवस लागतात तेवढे, आणि वर दोन-चार.

मेसेज लिहिण्याआधी एक फोन डीलरला करायचा आणि भाव आणखी किती दिवस धरता येईल, हे विचारायचं. सोसायटीला काय सांगता येईल, ते या उत्तरावर ठरतं. डीलरने 15 जुलैपर्यंत भाव धरायची तयारी दाखवली, असं समजू. मग मेसेज असा होईल:

“नमस्कार मॅडम. कॉमन वायरिंगचं 3 जूनचं कोटेशन 2 जुलैपर्यंत ग्राह्य आहे. सभेला वेळ लागतो, म्हणून आधी कळवतोय. त्यानंतर फक्त केबलचा दर त्या दिवशीच्या भावाने लागेल. मजुरी आणि पॅनेलचे दर तेच राहतील. सभा जुलैत जाणार असेल तर सांगा, केबलचा भाव 15 जुलैपर्यंत धरायला डीलर तयार आहे. काम पुढे ढकललं असेल किंवा दुसरीकडे दिलं असेल तरी कळवा, म्हणजे मी डीलरला तसं सांगतो. काही शंका असल्यास फोन करा.”

या मेसेजमध्ये तारीख आहे, कारण आहे, मुदतीनंतर नेमकं काय बदलेल ते आहे आणि नकार द्यायला मोकळी जागा आहे. हा शेवटचा भाग बरेच जण गाळतात. ‘नाही’ म्हणणं अवघड वाटलं की लोक उत्तरच देत नाहीत आणि कॉन्ट्रॅक्टर ताटकळत राहतो. मेसेज ज्यांनी कोटेशन मागितलं त्यांनाच जावा. तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला की कमिटी सभासदांसमोर अडचणीत येते. तेही दडपणच.

उत्तर आलं नाही तर 30 जूनला दोन ओळी पुरेत. त्यानंतरही शांतता असेल, तर 3 जुलैला शेवटचा मेसेज: कोटेशनची मुदत संपली आहे, पुढे काम काढाल तेव्हा ताजे दर देईन. तिथे थांबायचं.

‘अजून दोन सोसायट्या रांगेत आहेत’, ‘आजच ॲडव्हान्स द्या, उद्या भाव वाढणार’ ही वाक्यं खरी नसतील तर ती फसवणूक आहे. ऑनलाइन विक्रीतल्या खोट्या घाईला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित क्लृप्त्यांच्या यादीत घातलं आहे. जिन्यातल्या वायरिंगला तो नियम लागू होत नसेल, पण खोटेपणा तोच आहे. शिवाय तो उघडा पडतो. भाव वाढणार म्हणून घाबरवलं आणि आठवड्याने जुन्याच दरात काम घेतलं, की सोसायटी पुढच्या वेळी कोणतीच तारीख खरी मानत नाही. मुदत खरी आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: दुसऱ्या दिवशी होकार आला तर आपण तोच दर देणार आहोत का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती तारीख कोटेशनमध्ये नकोच होती.

कायद्याचंही थोडं माहीत हवं. भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 6 नुसार प्रस्तावात ठरवून दिलेली मुदत संपली की प्रस्ताव संपुष्टात येतो. 5 जुलैला सोसायटीचा होकार आला तर जुन्या दराने काम करण्याचं बंधन कॉन्ट्रॅक्टरवर राहत नाही. मुदत वाढवायची झाली तर ती तोंडी नको. त्याच कोटेशनचा क्रमांक घालून नवी तारीख आणि बदललेला दर लेखी द्यावा, म्हणजे पुढे वाद होत नाही.

तेव्हा पुढचं कोटेशन लिहिताना ‘30 दिवस’ असं मोघम न लिहिता शेवटची तारीख लिहा, तिचं कारण एका ओळीत द्या आणि कोणत्या भागाचा दर बदलू शकतो ते तिथेच सांगा. मग आठवण करून देताना नवीन काही पटवून द्यावं लागणार नाही.